आईच्या सामानाचा गाळा

आई गेल्यावर तिच्या शिवणयंत्रावरून दादाचं नि माझं वाजलं. दोघांच्याही घरात जागा नव्हती, पण दुसऱ्याला द्यायचंही नव्हतं. मग कळमन्याकडे सामान ठेवायला भाड्याने गाळा घेतला आणि सगळं त्यात कोंबलं. भाडं दर महिन्याला माझ्या खात्यातून आपोआप कापलं जायचं. तो मेसेज मी दादाला पाठवायची, तो निम्मे पैसे पाठवायचा. आमचं बोलणं तेवढंच उरलं होतं.

यंदा त्यानेच लिहिलं, गाळा सोडून दे. अटीप्रमाणे मी महिनाभर आधी ईमेलने कळवलं. रिकामा करायच्या दिवशी मात्र तो फिरकला नाही. यंत्र गंजून गेलेलं, गाद्या उंदरांनी फोडलेल्या. सगळं भंगारवाल्याला देऊन टाकलं.

मॅनेजरने झाडलेला गाळा पाहून घेतला. "मॅडम, तुमचं कुलूप घेऊन जा. डिपॉझिट खात्यात येईल. पण ऑटो-डेबिट तुमालेच बँकेतून बंद करा लागते."

मी तिथंच उभी राहून बँकेच्या ॲपमधून ते रद्द केलं. रद्द झाल्याचा मेसेज सवयीने दादाला पाठवला. त्याचा अंगठा आला.

डिपॉझिट आल्यावर त्याचे निम्मे पाठवले. त्यानंतर त्याला पाठवण्यासारखं माझ्याकडे काही आलेलं नाही.