शेवटचं चमचाभर विरजण

बहिणीला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा गाडीत बसतानाही तिचा जीव दह्यात अडकलेला. लेकीला म्हणाली, "विरजण मरू देऊ नको वो."

मी एकोडीला तिच्या घरी पोहोचले तर वाटीच्या तळाशी चमचाभरच दही उरलेलं, तेही आंबटढाण. भाची म्हणाली, "आजच लावा लागते मावशी. आई आली का पहिले हेच विचारन."

दवाखान्यातून तिच्या बापाचा सकाळपासून फोन नव्हता. पोरीचं मन रमावं म्हणून मी तीन वाट्या मांडल्या. दूध मीच तापवलं आणि एका वाटीत वाफाळतं ओतलं. तिला दूर बसवलं. उरलेलं निवल्यावर मनगटावर थेंब टाकून तिनं पाहिलं. कोमट होतं. ते दोन वाट्यांत घातलं.

एका कोमट वाटीत विरजण घालून तिनं ढवळलं. दुसरी तशीच ठेवली. गरम वाटीत मी नखभरच टाकलं. जास्त टाकायचं धाडस नव्हतं.

"विरजणात डोळ्याले न दिसणारे जीव असतात," मी सांगितलं. "ते दुधातली साखर खातात अन् आंबट करतात. त्या आंबटानं दूध थिजते."

"अन् गरम दुधात?"

"मरून जातात."

मला माझ्याच जिभेचा राग आला. थंडीचे दिवस, म्हणून वाट्या झाकून धानाच्या उबदार तणसात, पेंढ्यात खुपसल्या. "हलवू नको," म्हटलं, तर तिनं रात्री कूसही बदलली नाही.

सकाळी विरजणाची कोमट वाटी घट्ट लागली होती. बाकी दोन्हींत दूधच. ती हसली. तेवढ्यात फोन वाजला. भाऊजी नुसते रडत होते.

मी पोरीला जवळ घेऊन सांगितलं. ती रडली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

शेजारची काकू आली. घरात मयत झालं की शिजलेलं अन्न, दूध, दही सगळं टाकून देतात. तिनं भात टाकला, दूध ओतलं आणि दह्याची वाटी उचलली. तशी भाची तिच्या हाताला लोंबकळली.

"काकू, हे तं जित्ते आहेत नं! मंग काहून फेकून राहिल्या?"

काकूनं वाटी सोडली नाही. मोठ्यांपुढे तोंड उघडायची माझी सवय नाही. मी वाटी तिच्या हातातून हिसकावून घेतली.

त्या दिवशी आमची चूल पेटली नाही. संध्याकाळी शेजारून तापवलेलं दूध आलं. भाचीनं मनगटावर थेंब टाकून पाहिला, वाटीतलं चमचाभर दही त्यात घातलं, आणि मग ती रडली.