काउंटर बंद झाल्यावरचा एक तास

विमान दुपारी चार वाजून दहा मिनिटांचं होतं. त्याच्या बरोबर दोन दिवस आधी, चारच्या सुमारास, बाबा वणीच्या घरात खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. वेब चेक-इन विमान सुटण्याच्या अठ्ठेचाळीस तास आधी उघडतं हे मी त्यांना सांगितलं होतं, आणि ते त्यांना पटत नव्हतं.

"गाडी परवा, आन् हजेरी आजच लावाची?"

"परवा गर्दी होते बाबा. आज केलं तर खिडकीची जागा मिळते."

चार दहाला बटण जिवंत झालं. दोघांच्या जागा घेतल्या, बोर्डिंग पास मोबाइलमध्ये उतरवून घेतले. बाबा पडद्याकडे बघत राहिले. कोळशाच्या खाणीत वजनकाट्यावर त्यांनी सगळी नोकरी काढली होती. रिकामा ट्रक तोलायचा, भरलेला तोलायचा, पावती फाडायची. त्यांनी अजून विमान जवळून पाहिलेलं नव्हतं. बहीण बंगळूरला असते, आई बाळंतपणासाठी आधीच तिकडे गेली होती, आणि आता बाळाच्या नामकरणाला आम्ही दोघं निघालो होतो.

चेक-इन झालं, आता काम संपलं, असं मी धरून चालले. चूक तिथेच झाली. पासवर बोर्डिंगची वेळ तीन पंचवीस होती. तीनपर्यंत पोचलो तरी भागेल, असा माझा हिशोब. त्यात वरोऱ्याच्या पुढे एक ट्रेलर आडवा झाला होता. नागपूरच्या विमानतळावर आम्ही काउंटरपाशी उभे राहिलो तेव्हा तीन वाजून चौदा मिनिटं झाली होती.

काउंटरवरच्या पाटीवर 'बंद' आलं होतं. मागे एक मुलगी होती, माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान. ती कागद गोळा करत होती.

"बॅग द्यायची आहे," मी म्हणाले. "चेक-इन झालेलं आहे."

"मॅडम, बॅग घेणं तीन दहाला बंद झालं. सुटायच्या एक तास आधी."

"पण बोर्डिंगसुद्धा सुरू झालेलं नाही अजून. आम्ही चार मिनिटं उशिरा आलो, विमान तर इथेच उभं आहे."

"हो, उभं आहे," ती शांतपणे म्हणाली. "तुमचं चेक-इन झालंय म्हणून तुम्ही जाऊ शकता. बॅग जाऊ शकत नाही. गेट तीन पंचेचाळीसला बंद होईल."

माझा आवाज चढला. शाळेत शिकवते, आवाज चढवायची सवय आहे. काय बोलले ते इथे लिहायला लाज वाटते. तेवढ्यात आमच्या मागून एक गृहस्थ धावत आले. त्यांच्या हातात फक्त लॅपटॉपची पिशवी होती, पण चेक-इन केलेलं नव्हतं. तिथेच उभं राहून ते मोबाइलवर खटपट करू लागले.

"सर, तेही एक तास आधीच बंद होतं," मुलगी म्हणाली. "आता काहीच होणार नाही. पुढच्या विमानाचं बघावं लागेल."

ते खुर्चीवर जाऊन बसले. पिशवी हलकी असूनही त्यांना जाता येणार नव्हतं, आणि आम्ही मात्र जाणार होतो. हे पाहून मी काउंटरपासून बाजूला झाले.

बाबा तोपर्यंत खाली बसून सुटकेस उघडत होते. आत आईने सांगितलेलं सगळं होतं: तुरीची डाळ, तिखट, कणकेचे वाळवलेले सरगुंडे, दोन पातेली. त्यातून बाळाची दुपटी तेवढी काढून त्यांनी हातातल्या पिशवीत कोंबली.

"चाल," ते म्हणाले. "डाळ तिथंबी भेटते."

मुलीने स्वतः येऊन दारावरच्या जवानाला सांगितलं, यांना बॅग बाहेर द्यायची आहे. आम्हाला सोडून गेलेल्या गाडीवाल्याला मी फोन करून परत बोलावलं, दारातूनच त्याच्या हाती सुटकेस दिली, आणि आम्ही सुरक्षा तपासणीच्या रांगेत धावलो. बाबांचा पट्टा, घड्याळ, खिशातली चिल्लर, सगळं ट्रेमध्ये गेलं. पलीकडे निघालो तेव्हा तीन पस्तीस झाले होते.

गेटवर बोर्डिंग अर्ध्याच्या वर झालं होतं. पास तपासायला उभी होती ती काउंटरवरचीच मुलगी.

बाबा थबकले. "बाई, तुम्ही इथं कशा?"

"काउंटर बंद करून इथेच यायचं असतं काका. माणसं तीच." मग माझ्याकडे न बघता त्यांनाच म्हणाली, "तुमची बॅग मुद्दाम नाही थांबवली."

"थे मले समजलं. पण इतक्या आधी काहून बंद करता, थे सांगा."

रांग संपत आली होती. तिने आमच्या मागच्या दोघांचे पास तपासले आणि मग सांगितलं. काउंटरवर घेतलेली प्रत्येक बॅग आधी यंत्रातून तपासून जाते, शंका आली तर उघडावी लागते. मग गाडीवर चढते, विमानाच्या पोटात लागते. काउंटर बंद झाला की माणसांचा आणि बॅगांचा आकडा थांबतो, आणि तो थांबल्याशिवाय वजनाचा कागद तयार करता येत नाही.

बाबांचा चेहरा बदलला. "वजनाचा? इथं काटा कुठी हाये?"

"बॅगांचा काटा काउंटरवरच असतो. विमान रिकामं किती हे आधीच माहीत असतं. माणसांचं ठरलेलं वजन धरतात. तेल किती, पुढच्या रांगांत किती जण, मागच्या रांगांत किती, सामान पुढे किती आणि मागे किती, सगळ्याचा हिशोब करून तो कागद कॅप्टनकडे जातो. त्यावरून ते विमान उडवायची तयारी करतात."

"म्हणजे उभ्या विमानाले न तोलता तोलता तुम्ही."

ती पहिल्यांदा हसली. तेवढ्यात तिच्या वॉकीटॉकीवर कुणीतरी बोललं. एक प्रवासी चेक-इन करून, बॅग देऊन, गेटवर आलाच नव्हता. दोनदा नाव पुकारलं गेलं. तीन पंचेचाळीस झाले. "त्यांची बॅग काढा," ती म्हणाली, आणि आम्हाला आत जायची खूण केली.

खिडकीची जागा बाबांची होती. खाली पट्ट्यावरून एक निळी बॅग परत उतरताना आम्ही पाहिली. एका माणसाने बॅगेच्या मुठीवरची चिठ्ठी हातातल्या यादीशी जुळवली. माणूस आला नाही तर त्याचं सामानही जात नाही, आणि एक बॅग कमी झाली की कागदावरचा आकडाही बदलतो. बाबा काचेला कपाळ लावून बघत होते.

"आमच्या काट्यावर चुकलं त ट्रक वापस बोलावत होतो," ते हळूच म्हणाले. "याले कुठून बोलावशीन?"

चार मिनिटांसाठी भांडणारी मी, आणि तो एक तास किती हात मिळून वापरतात ते या माणसाला एका वाक्यात कळलं होतं. विमान धावपट्टीवर आलं, वेग घेतला, आणि नाक वर उचललं गेलं. बाबांनी खुर्चीचा दांडा धरला नव्हता. त्यांचे दोन्ही तळवे मांडीवर उताणे होते, जणू त्यांच्यावर काही ठेवलेलं आहे.

"उचललं पोरी," ते म्हणाले. "बराबर उचललं."

नामकरण चांगलं झालं. आईने सुटकेसबद्दल दोन दिवस ऐकवलं, मग डाळ तिथल्याच दुकानातून आणली. परतीचं विमान सकाळी साडेअकराचं होतं. बाबांनी आम्हाला साडेआठलाच विमानतळावर नेलं. बहिणीने भरून दिलेली बॅग देऊन झाल्यावर ते आत जायला तयार होईनात. काउंटरच्या समोरच्या बाकावर बसले, आणि एकामागून एक बॅगा काट्यावर चढताना, आकडा उमटताना, पट्ट्यावरून पडद्याआड जाताना बघत राहिले. दहाच्या सुमाराला मी म्हणाले, आता चला.

"थांब जराशीक," ते म्हणाले. "मोजून राह्यले थे."