नोटीस माझी, कॅप्शन तिचं

आमच्या सहकारी बँकेच्या वार्षिक सभेची नोटीस मी लिहिते. मुख्य कार्यालयात लागल्यापासून तेच चालू आहे. साहेब बदलले, संचालक बदलले, पण 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' पासून 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांचा विचार करणे' इथपर्यंतची मजल माझ्याच हातची. सभेच्या चौदा दिवस आधी ती प्रत्येक शाखेच्या फलकावर लागलीच पाहिजे, पेपरात आलीच पाहिजे, आणि एक विषय इकडचा तिकडे झाला तर कोणीतरी सभासद हरकत घ्यायला टपलेलाच असतो. माझ्या नोटिशीवर आजवर हरकत आलेली नाही. याचा मला माज होता म्हणा, चालेल.

यंदा साहेब म्हणाले, "मॅडम, नोटीस तुमचीच. पण सभेच्या आठवड्यात तिचा फोटो शाखांच्या सभासदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचाय. नुसता फोटो कोणी उघडत नाही. त्याच्याखाली चार ओळी पाहिजेत. कॅप्शन ही लिहील."

ही म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर नवीन आलेली पोरगी. साखरा गावची. वडील शेतकरी, स्वतः कॉम्प्युटर शिकलेली. कामाला चोख होती, त्यामुळे बोट ठेवायला जागा नव्हती, आणि मला त्याचाच जास्त राग होता. मी साहेबांना "हो, हो, लिहू द्या की" म्हणाले आणि दुपारचा डबा न खाताच बंद केला.

तिनं अर्ध्या तासात लिहिलं. पाठवण्याआधी मला दाखवायला आली, तेही मला खुपलं. इतकं नम्र कशाला असावं माणसानं! तिनं लिहिलं होतं:

'या रविवारी सकाळी अकरा वाजता आपल्या बँकेची वार्षिक सभा. जागा: मोंढ्यातलं बाजार समितीचं सभागृह. मागच्या सभेत काय ठरलं ते वाचून कायम करायचं, वर्षाचा हिशोब आणि लाभांश मंजूर करायचा, तपासणीत निघालेल्या चुका कशा दुरुस्त केल्या ते ऐकायचं, पुढच्या वर्षाचा ऑडिटर नेमायचा. येताना सभासद ओळखपत्र किंवा शेअर सर्टिफिकेट, आणि आधार कार्ड आणा. शेअर ज्याच्या नावावर, त्यानंच यायचं. पोरगा, नवरा, भाऊ चालत नाही. कोरम नाही भरला तर सभा अर्ध्या तासानं होतेच, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून साडेअकराला येऊ नका. अकराला या, चहा गरम असेल. सगळे विषय वरच्या फोटोत आहेत, ते वाचाच.'

मी लाल पेन घेऊन बसले. एक चूक, फक्त एक चूक सापडावी म्हणून तीनदा वाचलं. विषय बरोबर, जागा बरोबर, कागद बरोबर. शेवटी म्हणाले, "चहा गरम असेल, हे काय? सभेच्या कागदावर चहा येतो का कधी?"

"नोटिशीत नाही मॅडम, कॅप्शनमधी आहे," ती म्हणाली. "काढू का?"

साहेबांनी पलीकडून ऐकलं. "ऱ्हाऊ द्या ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि हसले. माझ्या नोटिशीवर ते कधी हसले नव्हते. रडलेही नव्हते. सही करायचे आणि पुढे सरकवायचे.

मग आठवडाभर ज्याला त्याला त्या कॅप्शनचंच कौतुक. वारंगा फाट्याच्या शाखेतून फोन आला, जवळा बाजारच्या शाखेनं तर ते मोठ्या अक्षरात छापून माझ्या नोटिशीशेजारी फलकावर लावलं. शेजारी! लोक येऊन तेवढंच वाचतात, असं तिथला शिपाई मला कौतुकानं सांगत होता. मी घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, "प्रतिनिधी चालत नाही, हे मी कधीपासून लिहून राहिले. 'सभासदाऐवजी अन्य व्यक्तीस सभेत भाग घेता येणार नाही.' याच्यापेक्षा स्पष्ट काय असतं?" तो टीव्ही बघत म्हणाला, "वाचतं कोण ते?" त्या रात्री त्याला भाजी अळणी मिळाली.

खरं सांगायचं तर आमच्याकडे दरवर्षी हा घोळ होतोच. शेअर म्हाताऱ्याच्या किंवा म्हातारीच्या नावावर, आणि सभेला येतो पोरगा. रजिस्टरच्या टेबलावर सहीवरून वाद, मग त्यानं मागं जाऊन बसायचं, अहवाल मागायचा, जेवून जायचं. माझा दीरही त्यातलाच. माझ्या सासूबाईंच्या नावावर शेअर आहेत, सर्टिफिकेट पत्र्याच्या पेटीत, आणि सभेला मात्र गावाकडून दीर. सासूबाई बँकेची पायरी कधी चढल्या नव्हत्या.

रविवारी मी रजिस्टरच्या टेबलावर बसले होते, ती पोरगी शेजारी. अकराला दहा कमी असतानाच रांग लागली. मी इतकी वर्षं बघते, साडेअकराशिवाय माणूस फिरकत नाही. तहकूब सभा कोरमशिवाय चालते हे लोकांना पाठ झालेलं. अध्यक्ष दरवर्षी रिकाम्या खुर्च्यांसमोर अर्धा तास पेपर वाचतात. यंदा त्यांना पेपर उघडायला मिळाला नाही. आणि रांगेत बायका होत्या. कितीतरी. डोक्यावर पदर, हातात कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेलं सर्टिफिकेट.

सभा भरल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. मला वाटलं, ही सगळी रांग त्या पोरीची आहे.

तेवढ्यात समोर सासूबाई. नवं लुगडं, एका हातात आधार कार्ड, दुसऱ्या हातात ते पेटीतलं सर्टिफिकेट. दीर दाराशी चप्पल घासत उभा.

"आत्याबाई, तुमी?"

"मंग कोन येईल? शेअर माझ्या नावावर हाय," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "नातीनं मोबाईलवर वाचून दावलं. पोरगा चालत न्हाई, म्हनं. म्या त्याला म्हनलं, तू बैस भाईर." मग माझ्या हातावर हात ठेवून रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लई ब्येस लिव्हलंस माय. सम्दं समजलं बघ. मला वाटायचं, ही बँकेत निस्ती बसून ऱ्हाती."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली. माझ्या पुरणपोळीला, माझ्या नोकरीला, माझ्या लेकराला त्यांनी कधी चांगलं म्हटलं नव्हतं. मी हे ऐकायला किती वाट बघितली होती, ते माझं मला माहीत. शेजारी ती पोरगी खाली मान घालून रजिस्टरवर रेघा मारत होती. ती काही बोलणार नव्हती, हे मला कळत होतं. नुसतं 'हो आत्याबाई' म्हटलं असतं तरी झालं असतं.

म्हणायचंच होतं. तोंड उघडलंही. पण ती मान खालीच ठेवून बसली होती, आणि तिच्या दयेवर मिळालेलं कौतुक माझ्या घशाखाली उतरेना.

"ते मी नाही लिहिलं," मी म्हणाले. "हिनं लिहिलंय."

सासूबाईंनी माझ्या हातावरचा हात काढला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. "व्हय का गं? कोन्या गावची?" दोघींचं साखऱ्यावरून सुरू झालं. मी शाईचा पॅड पुढे सरकवला. रजिस्टरवर अंगठा उमटवून आत जाता जाता त्या थांबल्या आणि खरंच कुतूहलानं मला विचारलं, "मंग तू काय लिव्हतीस?"

"नोटीस," मी म्हणाले, आणि रांगेतल्या पुढच्या बाईचं आधार कार्ड बघायला घेतलं.