रसिका सिस्टरचं अनुभवपत्र

मुर्धा गावची रसिका नर्सिंगचा जीएनएम कोर्स केलेली, नर्सिंग कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन असलेली नर्स. मीरा रोडच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये तिने सहा वर्षं काढली. इंजेक्शनं, सलाईन, ऑपरेशनची तयारी, रात्री एकटीने सगळा वॉर्ड, सगळं तिच्याकडे. सासरे महिपत अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले तेव्हा तिने रीतसर नोटीस दिली, महिनाभर ड्यूटी केली आणि घरी बसली. वर्षभरात सासरे काठी घेऊन ओटीपर्यंत चालायला लागले, तशी तिने पुन्हा नोकरी शोधायला घेतली.

महापालिकेच्या रुग्णालयात कंत्राटी स्टाफ नर्सच्या जागा निघाल्या. अनुभवाला गुण होते, पण अर्जासोबत अनुभवपत्र हवं होतं. लेटरहेडवर, हुद्दा आणि तारखांसह, सही-शिक्क्याचं. नेमणुकीचं पत्र तर त्या नर्सिंग होममध्ये कुणालाच देत नसत. म्हणून रसिका तिथे गेली.

ऑफिस सांभाळणाऱ्या हंसाबेनने तिला ओळखलं, चहा मागवला, पण पत्राचं नाव काढताच म्हणाली, "डॉक्टर को पूछना पडेगा."

डॉक्टर कौस्तुभ म्हणजे मालक. ते ओपीडीत होते, मग ऑपरेशनमध्ये, मग बाहेर गेलेले. "कल आ जा" ऐकून ऐकून रसिकाचे कान किटले. अर्जाची मुदत संपत आली तेव्हा एकदाचे भेटले.

"पत्र कशाला? परत जॉइन हो ना," ते हसत म्हणाले. "तुझ्यासारखी माणसं मिळत नाहीत आता."

"सर, मला तिकडे अर्ज करायचाय."

"आणि मी सगळ्यांना पत्रं वाटत बसलो तर माझं हॉस्पिटल कोण चालवणार?"

तरी दुसऱ्या दिवशी पाकीट मिळालं. रसिका हंसाबेनचे आभार मानून निघाली. रिक्षात बसल्यावर तिने पत्र उघडलं. 'श्रीमती रसिका यांनी आमच्याकडे वॉर्ड अटेंडंट म्हणून काम केले.' खाली सही, शिक्का, सगळं व्यवस्थित.

घरी आल्यावर तिने पाकीट ओटीवर टाकलं. महिपतांनी विचारलं तेव्हा तिने वाचून दाखवलं.

"अटेंडंट म्हंजे?"

"गाद्या झटकणारी, पेशंटला व्हीलचेअरवर नेणारी. तेही काम मी केलंय, बाबा, त्याची लाज नाही. पण मी नर्स होते."

म्हाताऱ्याने काठी जमिनीवर आपटली. "मना उभा केलास ती तू नर्स न्हाय त कोन हाय? जा, तोंडावर इचार त्याला."

ती गेली. या वेळी बाकावर बसून वाट पाहिली नाही. ओपीडीतला पेशंट बाहेर पडताच सरळ केबिनमध्ये शिरली आणि पत्र टेबलावर ठेवलं.

"सर, हे बदलून द्या."

"काम तर सगळीच करत होतीस. शब्दावरून कशाला वाद?"

"शब्दावरून?" तिचा आवाज चढला. "नर्सिंग होमच्या नोंदणीचं नूतनीकरण होतं तेव्हा माझं कौन्सिलचं सर्टिफिकेट कुणी मागून घेतलं होतं? तपासणीला माणसं आली तेव्हा 'ह्या आमच्या स्टाफ नर्स' म्हणून मलाच पुढे केलंत ना? फाईलमध्ये मी नर्स, आणि पत्रात अटेंडंट? मग फाईल खोटी की पत्र खोटं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "धमकी देतेस?"

"विचारतेय. तुम्हाला सांगता येत नसेल तर लेखी अर्ज देते आणि त्याची एक प्रत नोंदणी करणाऱ्या आरोग्य विभागाला पाठवते. ते सांगतील."

दार उघडंच होतं. बाहेर दोन सिस्टर औषधांची ट्रॉली तशीच धरून उभ्या होत्या. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग हंसाबेनला हाक मारली. "हिला काय हवं ते टाइप करून दे."

हंसाबेनने पत्र टाइप केलं. 'स्टाफ नर्स', रुजू झाल्याची तारीख, कामाचं स्वरूप. पण सोडल्याची तारीख चुकीची होती. रसिकाने पुन्हा छापायला लावलं आणि सही ओली असतानाच कागद हातात घेतला.

"अब तो थँक यू बोल," हंसाबेन कुजबुजली.

"किसलिए? जो मैं थी, वही लिखा है."

अर्ज शेवटच्या दिवशी जमा झाला. निवड यादीत तिचं नाव आलं, ती रुजूही झाली. पण तिचा राग काही उतरला नाही. खोटं सांगून काही मागितलं नव्हतं, केलेल्या कामाची नोंद मागितली होती, आणि त्यासाठी तिला भांडखोर व्हावं लागलं. नंतर ट्रॉलीवाल्या सिस्टरांपैकी एकीचा फोन आला. "ताई, मी सोडणार नाहीये अजून, पण पत्र आत्ताच मागू का?"

"आजच माग," रसिका म्हणाली. "आणि हातात पडलं की तिथेच उभी राहून वाच."