लुकलुकता राऊटर आणि मामांच्या बैलाची बारी

ज्या बैलाने मामांच्या डाव्या पायाचा पंजा मोडला, त्याच बैलाची पहिली बारी होती आणि प्लॅस्टरमुळे मामांना घाटावर जाता येत नव्हतं. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे बैलगाड्यांची शर्यत चढाच्या धावपट्टीवर होते, त्या जागेला घाट म्हणतात आणि एका गाड्याची एक धाव म्हणजे बारी; गाड्याच्या पुढे वाट दाखवायला घोडी पळते. हा खोंड मामांनी स्वतःच्या हाताने दूध-अंडी पाजून वाढवला होता. त्याने गोठ्यात लाडाने पायावर पाय ठेवला तेव्हासुद्धा मामा ओरडले नाहीत, खोंड बुजेल म्हणून.

जाता येत नाही म्हटल्यावर बारी घरी टीव्हीवर लाइव्ह बघायची ठरली. मामांनी आदल्या दिवसापासूनच पाय उशीवर, काठी शेजारी आणि रिमोट मांडीवर अशी मांडणी करून ठेवली होती. माझा दीर पहाटेच टेम्पोत बैल घालून गेला. बारी दुपारची होती.

आमचं घर खोडदच्या बाजूला, जरा खोलगट जागेत आहे. गच्चीवर उभं राहिलं की तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठमोठ्या ताटल्या दिसतात. त्या आकाशाच्या पलीकडचं ऐकतात म्हणे, पण आमच्या घरात मोबाईलला शेजारच्या गल्लीतलंही ऐकू येत नाही. फोन लागतो तो गच्चीवर, पाण्याच्या टाकीला चिकटून उभं राहिलं तर. म्हणून फायबर घेतलं. भिंतीवर फायबरचा छोटा डबा, त्याला वायरीने जोडलेला वाय-फायचा राऊटर, आणि सगळं घर त्या राऊटरच्या जिवावर.

सकाळी माझ्या नवऱ्याला मोबाईलवर दिसलं की राऊटरचं नवीन अपडेट आलंय. लाइव्ह अडकायला नको, म्हणून त्याने ते दाबलं. दाबलं आणि कुणालाही न सांगता गुरांना चारा टाकायला गेला. हा माणूस नेहमी असाच. चुलीवर दूध ठेवतो आणि अंघोळीला जातो.

अपडेट सुरू झालं तसं वाय-फाय गेलं. ते जाणारच होतं, कारण राऊटर तेव्हा आपल्या पोटातलं जुनं सॉफ्टवेअर पुसून नवीन लिहीत होता. पण मामांच्या टीव्हीवर गोल फिरायला लागलं. मामांचा सगळ्या यंत्रांसाठी एकच उपाय आहे: मोटर अडली की स्टार्टर पाडायचा, दमानं परत उचलायचा. त्यांनी काठी लांबवली आणि बसल्या जागेवरून राऊटरचं बटण बंद केलं. दमानं परत चालू केलं.

त्यानंतर राऊटरच्या बाकी सगळ्या लाईटी गेल्या आणि फक्त पॉवरची लाईट लुकलुकायला लागली. वाय-फायचं नाव कुठेच दिसेना.

"जिता हाय," मामा म्हणाले. "डोळा मारतुय."

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, हातात मीठ-मिरच्या घेऊन आल्या. "नजर लागली वो. काल ती पलीकडची बाई आली व्हती, म्हनली किती जोरात चालतंय तुमचं नेट." त्यांनी राऊटरवरून दृष्ट उतरवली. मिरच्यांच्या धुराने आम्ही सगळे खोकलो, राऊटर लुकलुकत राहिला. मामांनी मग दुर्बिणीवर संशय घेतला. त्या ताटल्यांनीच आपलं नेट ओढून घेतलं असणार, असं ते अगदी गंभीरपणे म्हणाले.

मी नारायणगावात संगणकाच्या क्लासमध्ये एक्सेल आणि मराठी टायपिंग शिकवते. त्यामुळे घरात मिक्सर बंद पडला तरी माझ्याकडे बघतात. आताही मामा, आत्या आणि चारा टाकून परतलेला नवरा, अशा तिघांनी बघितलं. राऊटरच्या आतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण मामांचा चेहरा असा झाला होता की नाही म्हणवेना.

"पोरी, व्हईल ना गं?" त्यांनी विचारलं. हा माणूस पंजा मोडल्यावरसुद्धा इतका केविलवाणा दिसला नव्हता.

मी गच्चीवर जाऊन फायबरवाल्या भाऊंना फोन लावला. ते अर्थातच घाटावर होते. त्या दिवशी तालुक्यातलं कोण घाटावर नव्हतं? मागे भोंग्यावर निवेदक कुणाच्या तरी गाड्याचं कौतुक करत होता.

"वहिनी, मी काय आता येत न्हाई," भाऊ ओरडले. "बारी झाल्याबिगर हितनं हालायचं नाय. पन तुमी घाबरू नका. पॉवरची लाईट लुकलुकती ना? मग त्याचं बूड शाबूत हाय. वरचं सॉफ्टवेअर अर्धवट लिहिलं गेलंय. बूड वाट बघतंय, कोन मला नवी फाइल देतंय म्हनून."

मी विचारलं, राऊटर बाजूला ठेवून फायबरच्या डब्यातूनच वायर लॅपटॉपला लावली तर? भाऊ म्हणाले, लागेल की, पण कनेक्शनचा पासवर्ड राऊटरच्याच पोटात भरलेला आहे, तो ऑफिसातून घ्यावा लागेल आणि ऑफिसला कुलूप आहे, कारण ऑफिस म्हणजे मीच. मग त्यांनी सगळी रीत सांगितली. कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलची फाइल उतरवायची. मॉडेलच्या पुढे व्हर्जन असतं, तेही तेच पाहिजे. "चुकीची घातली तर मग डोळाबी मारनार न्हाई," ते म्हणाले.

मॉडेल राऊटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतं. मी राऊटर उलटा केला. दसऱ्याला आत्यांनी कोयता, खुरपं, मिक्सर, मोटरसायकल यांच्याबरोबर राऊटरचीही पूजा केली होती आणि हळद-कुंकवाचं भरघोस बोट नेमकं व्हर्जनच्या आकड्यावर होतं. वरून दिवाळीत पुन्हा एक थर चढला होता.

"पुसू नको गं," आत्या म्हणाल्या. "पूजेचं हाय."

"आत्या, पुसलं नाही तर मामांची बारी गेली."

आत्यांनी मामांकडे एकदा पाहिलं, देवाकडे एकदा पाहिलं, आणि खोबरेल तेलाची बाटली आणून स्वतःच हलक्या हाताने पुसायला बसल्या. कुंकवाखालून दोनचा आकडा निघाला. मी तो एक धरून बसले होते.

आता फाइल उतरवायची होती. टाकीपाशी फोन लागायचा, पण नेट रांगत होतं. नवरा परसातून आंबे उतरवायचा झेला घेऊन आला. लांब बांबू, टोकाला जाळी. जाळीत मोबाईल ठेवला आणि गच्चीवरून आभाळात उंच धरला. वर गेला की फाइल उतरायची, किती उतरली ते बघायला खाली आणला की तुटायची. शेवटी ठरलं की कुणी बघायचंच नाही, वाजेपर्यंत धरून ठेवायचा. नवरा झेला वर धरून उभा राहिला. अपडेटचं बटण त्यानेच दाबलं होतं, म्हणून मी त्याला बदली दिली नाही. रस्त्याने जाणारा एक जण थांबून म्हणाला, "राव, आंबं तर अजून लागलंबी न्हाईत." एकदा टुण्ण वाजलं, घाईने उतरवला, तर पाहुण्यांच्या ग्रुपवर कुणी तरी फुलांचं चित्र पाठवून शुभ सकाळ म्हटलं होतं. दुसऱ्यांदा वाजलं तेव्हा खरोखर फाइल होती.

ती मी चार्जिंगच्या वायरीने लॅपटॉपवर घेतली. राऊटरच्या लॅनच्या खाचेतून लॅपटॉपला वायर लावली. नेहमी राऊटर जोडलेल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता वाटून देतो, पण या अवस्थेत तो देत नाही, म्हणून लॅपटॉपला पत्ता हाताने द्यावा लागला. रीसेटच्या भोकात आत्यांची नथ घालावी असं मामांनी सुचवलं, आत्यांनी मामांकडे बघितलं, मग सेफ्टी पिन आली. पिन दाबून धरली, बटण चालू केलं, लाईट लुकलुकली तशी पिन सोडली. ब्राउझरमध्ये राऊटरच्या पत्त्याचा आकडा टाकला आणि एक अगदी साधं पांढरं पान उघडलं. फाइल निवडा, एवढंच. मी निवडली.

"आता कुणी हात लावायचा नाही," मी म्हणाले. मामांनी आपणहून काठी माझ्याकडे दिली. मला त्या क्षणी त्यांची फार माया आली.

रेघ हळूहळू भरत गेली. मग सगळ्या लाईटी विझल्या आणि मामांचा हात रिकाम्या जागी काठी शोधायला लागला. आत्यांनी तो धरून ठेवला. राऊटर स्वतःच उठला. पॉवरची लाईट न लुकलुकता लागली, मग बाकीच्या लागल्या, आणि आमच्या वाय-फायचं नाव परत आलं. सेटिंग वेगळ्या कप्प्यात असतात, त्यामुळे पासवर्डही जागेवर होता.

टीव्हीवर घाट दिसला. निवेदक नेमका आमच्याच गाड्याचं नाव पुकारत होता. मामा पुढे सरकले आणि पाय उशीवरून खाली आल्याचं त्यांना कळलंही नाही.

आणि तेवढ्यात नवरा गच्चीवरून धावत खाली आला. तो वर दिराशी फोनवर बोलत होता. त्याचा चेहरा पाहिला आणि माझ्या लक्षात आलं. लाइव्ह म्हणतात, पण ते मागून येतं. टीव्हीवर अजून बैल जुंपत होते, आणि घाटावर बारी होऊन गेली होती. नवऱ्याचे सगळे दात दिसत होते. बैल पहिल्या नंबरात, म्हणजे सगळ्यात कमी सेकंदांच्या गटात, बसला होता.

मामा वळून बघणार, तोच आत्यांनी पदराने पोराचं तोंड झाकलं.

"काय झालं त्याला?"

"कुंकू गेलं डोळ्यात," आत्या म्हणाल्या आणि त्याला मोरीकडे ढकलून स्वतः देव्हाऱ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, कारण त्यांचेही दात दिसायला लागले होते. मी वायर घट्ट आहे का बघायला टेबलाखाली शिरले. माझं हसूही आवरत नव्हतं आणि डोळेही.

मामांनी एकट्याने ती बारी पाहिली. टेबलाखाली मला फक्त ऐकू येत होतं: सुटण्याची "भिर्रर्र" आरोळी, भोंगा, गर्दीचा गलका, आणि मग निवेदकाने सांगितलेले सेकंद. मग मामांनी रिमोटने टीव्हीचा आवाज कमी केला.

"अगं, ऐकलं का," ते म्हणाले. "पहिल्या नंबरात आला आपला. घोडीच्या मागं सरळ गेला, जरा म्हनून वाकडा झाला न्हाई."

"काय सांगता," आत्या देवाकडे बघत म्हणाल्या.

"खरंच, मामा?" मी टेबलाखालून विचारलं. नवराही मोरीतून तोंड पुसत आला आणि त्याने तोच प्रश्न विचारला. मामांनी तिघांना सगळी बारी पहिल्यापासून सांगितली, मग मागे घेऊन दाखवली, आणि दाखवतानाही पुढचं आधी सांगत राहिले.

अजून पाव्हणंरावळं आलं की ते हे सांगतात. "घाटावर पोरगा व्हता, गच्चीवर फोन व्हता, पन आमच्या घरात पहिल्यांदा पाहिलं ते मीच, आन मग मी यांना सांगितलं." आम्ही तिघं माना डोलावतो.