एकशे एकोणचाळीस पोथ्या

मला राग लवकर येतो, हे घरातले आणि विभागातले सगळे जाणतात. विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायला लागून पंचवीस वर्षं झाली, आणि या पंचवीस वर्षांत मला सर्वांत जास्त राग एकाच वाक्याचा आला आहे: "नमुना कमीत कमी दहा टक्के तरी घ्यावाच लागतो." हे कोणी, कधी ठरवलं कोण जाणे. पण लोक ते असं सांगतात जणू मुंजीत कानात सांगितलं होतं.

काशीत ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत आमच्या मराठी लोकांचा एक जुना पोथीसंग्रह आहे. तो सांभाळणारे गृहस्थ माझ्या वडिलांचे सहाध्यायी. त्यांना मी लहानपणापासून काका म्हणते. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, आणि पोथ्यांच्या बाबतीत स्वभाव अत्यंत संशयी. लाल रुमालात बांधलेल्या एकोणचाळीसशे पोथ्या तिथे कपाटांत आहेत. जुन्या नोंदवहीत प्रत्येकीचा क्रमांक आणि नाव आहे, पण पानं किती ते लिहिलेलं नाही. ज्याने वही केली त्याला पानं मोजण्याचा कंटाळा आला असावा, आणि मी त्याला दोष देत नाही.

गेल्या वर्षी या पोथ्यांची छायाचित्रं काढून संगणकावर ठेवायची एक योजना आली. योजनेचे साहेब लखनऊचे, सभ्य, घाईत असलेले. त्यांच्याकडे एकच मोठं यंत्र होतं आणि ते अनेक गावांत फिरायचं. एकूण पानं किती याचा बऱ्यापैकी अंदाज मिळाला, दहा टक्के इकडेतिकडे चालेल, तर यंत्र तेवढ्या दिवसांसाठी इथेच आणून बसवू, असं ते म्हणाले. अंदाज मिळाला नाही तर पोथ्या पेट्यांत भरून त्यांच्या केंद्रावर न्यायच्या. अंदाज द्यायला मुदत महिन्याची.

पोथ्या काशीबाहेर जाणार हे ऐकून काका दोन दिवस नीट जेवले नाहीत. पण दुसरीकडे, मोजण्यासाठी पोथ्या सोडायलाही ते तयार नव्हते. कागद इतका सुकलेला होता की रुमाल सोडला, पान उलटलं, की कडेचा एखादा तुकडा खाली पडायचाच. छायाचित्रासाठी प्रत्येक पोथी एकदा उघडावी लागणार, ते त्यांनी मान्य केलं होतं. नुसती मोजायला म्हणून आणखी एकदा उघडायची, हे त्यांना पाप वाटत होतं. अखेर मी मध्ये पडले, तेव्हा ते म्हणाले, "बेटा, दीडशे पोथ्या खोलू देईन. त्याच्या वर एक नाही. तुझ्या वडिलांनी सांगितलं असतं तरी नाही."

साहेबांचं म्हणणं, दहा टक्के हवेत, म्हणजे तीनशे नव्वद. झालं. माझं डोकं फिरलं.

मी त्यांना म्हटलं, पातेल्यातल्या खिचडीला मीठ बरोबर आहे का ते बघायला एक घास पुरतो, पातेलं घरचं असो की भंडाऱ्याचं. नीट ढवळलेलं मात्र हवं. किती पोथ्या उघडाव्यात हे एकूण पोथ्या किती यावर जवळजवळ अवलंबून नसतं. ते अवलंबून असतं पोथ्या एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत यावर, म्हणजे पानांच्या संख्येचा फैलाव किती यावर. आणि त्याची काहीतरी कल्पना माझ्याकडे होती. दक्षिणेतल्या अशाच एका संग्रहाचा अहवाल मी मिळवला होता. त्यांनी पानं मोजली नव्हती, काढलेली छायाचित्रं मोजली होती. एका पानाची दोन की तीन, याचा पत्ता नाही. त्यामुळे त्यांची सरासरी माझ्या काहीच कामाची नव्हती. पण फैलाव सरासरीच्या किती पट, तो आकडा त्यात होता: शून्य पूर्णांक सहा. याला आम्ही विचरणगुणांक म्हणतो. पानं मोजा, छायाचित्रं मोजा, प्रत्येक पानाला ती सारखीच असली की हा आकडा बदलत नाही.

साहेब हसले. हुशार माणूस, त्यांनी नेमका हवा तोच प्रश्न विचारला: "मॅडम, जब औसत ही नहीं मालूम, तो औसत का दस परसेंट आप कहाँ से लाएँगी?"

मला हा प्रश्न फार आवडला. वर्गात पंचवीस वर्षांत दोघातिघांनीच तो विचारला असेल. मी त्यांच्याच फाइलच्या मागे लिहून दाखवलं. समजा सरासरी चाळीस पानं. मग फैलाव चोवीस आणि चालणारी चूक चार. चोवीस भागिले चार, सहा. आता समजा सरासरी ऐंशी. फैलाव अठ्ठेचाळीस, चूक आठ. भागाकार पुन्हा सहा. सरासरी तुम्ही काहीही घ्या, ती वरही आहे आणि खालीही आहे, म्हणून ती उडून जाते. उरतात फक्त सहा. शंभरात पंच्याण्णव वेळा अंदाज हद्दीत पडावा अशी खात्री हवी, तर त्या सहाला एक पूर्णांक शहाण्णवने गुणायचं. आले अकरा पूर्णांक शहात्तर. त्याचा वर्ग एकशे अडतीस आणि वर थोडं. पोथी अर्धी उघडता येत नाही, म्हणून एकशे एकोणचाळीस.

साहेबांनी स्वतः साठ घेऊन पाहिलं, मग शंभर. दोन्हीकडे सहाच आले. त्यांनी फाइल बंद केली आणि ठीक आहे म्हणाले, पण शेवटी तुमच्याच पोथ्यांतून फैलाव काढून दाखवा, दक्षिणेतल्या आकड्यावर मी सही करणार नाही. बरोबरच होतं त्यांचं. उसना घेतलेला आकडा सुरुवातीपुरताच. खरा फैलाव शून्य पूर्णांक सहाहून जास्त निघाला असता तर एकशे एकोणचाळीस पुरले नसते. पण काकांच्या दीडशेत माझ्या हातात अकरा जास्तीच्या पोथ्या होत्या, त्यामुळे मी निर्धास्त होते.

संगणकाकडून क्रमांकांची सोडत काढून मी काकांना पहिल्या वीस पोथ्यांची यादी दिली. दुसऱ्याला हात लावू देणार नाही म्हणाले, म्हणून उघडायचे आणि मोजायचे तेच. मी दुपारी शिकवून नावेतून पंचगंगा घाटापर्यंत आले, पायऱ्या चढून धापा टाकत पोचले. वीसही मोजून झाल्या होत्या. सरासरी बघते तर जेमतेम तीस. कुठे दहा, कुठे बारा पानं. मला शंका आली म्हणून रुमालांवरचे क्रमांक यादीशी ताडून पाहिले. वीसपैकी अकरा यादीतले नव्हतेच.

काकांनी अदलाबदल केली होती. सोडतीत जाड, जीर्ण पोथी निघाली की ते ती जागेवर ठेवायचे आणि शेजारची एखादी पातळ, धडधाकट स्तोत्राची पोथी काढायचे. त्या अकरांची सरासरी होती सतरा.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. ऐंशीच्या वर वय असलेल्या माणसाशी तसं बोलू नये. काका ऐकून घेत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "अगं, त्या उघडल्या की तुटतात. माझा हातच नाही चालला."

 मग माझ्या लक्षात आलं की दीडशेतल्या अकरा अशा फुकट गेल्या. काका त्यांच्या शब्दाचे पक्के, एकशे एक्कावन्नावी पोथी ते कोणालाच देणार नव्हते, स्वतःलाही नाही. उरल्या बरोबर एकशे एकोणचाळीस, त्यातल्या नऊ झालेल्या. हाताशी एकही जास्तीची नाही. फैलाव थोडा जरी वाढला तर मी हरणार, आणि पोथ्या लखनऊला. मला त्या क्षणी खरोखर भीती वाटली.

मी काकांना समजावलं की सोडतीत निघालेली जाड पोथी टाळली तर सगळा हिशोबच खोटा होतो, खिचडी न ढवळता वरचा भात चाखल्यासारखं. ते हूं म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सोडतीतली पहिली जाड पोथी स्वतः काढली. चटईवर पांढरं धोतर पसरलं, पान तुटलं तर तुकडा दिसावा म्हणून. एकेक पान दोन हातांनी उचलून ते मोजत होते, मराठीत, हलक्या आवाजात. एकशे बारा पानं निघाली. तीन तुकडे पडले. ते त्यांनी पाकिटात घालून पोथीतच ठेवले आणि दुसरी पोथी मागितली.

अठरा दिवसांत एकशे एकोणचाळीस झाल्या. शेवटची बेचाळीस पानांची. मी तिथेच चटईवर बसून आकडे मांडले. सरासरी शेहेचाळीस. मग फैलाव काढला. फैलाव भागिले सरासरी: शून्य पूर्णांक अठ्ठावन्न. शून्य पूर्णांक सहाच्या आत! चुकीची हद्द आली साडेचार पानांच्या जरा आत, म्हणजे दहा टक्क्यांहून कमी. मी काकांना ओरडूनच सांगितलं, खालच्या गल्लीतला पानवालासुद्धा बाहेर येऊन बघायला लागला.

साहेबांनी आकडे दोनदा तपासले आणि सही केली. यंत्र आलं, गल्लीत गाडी शिरत नाही म्हणून चार माणसांच्या खांद्यावरून. एक लाख ऐंशी हजार पानांच्या हिशोबाने त्याला दिवस नेमून दिले होते.

शेवटची पोथी झाली त्या दिवशी साहेब स्वतः आले. आता प्रत्येक पानाची नोंद संगणकात होती, अंदाजाचं काम उरलं नव्हतं. त्यांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं: एकोणचाळीसशे पोथ्या, सरासरी चव्वेचाळीस पानं. माझ्या शेहेचाळीसपासून दोन पानं दूर. यंत्राचे सहा दिवस उरलेसुद्धा. मला इतका आनंद झाला की मी तो लपवायचा प्रयत्नही केला नाही, उभी राहून टाळ्या वाजवल्या. स्वतःसाठी.

काकांनी मला विचारलं, त्यांची ती अदलाबदल शेवटपर्यंत चालली असती तर अंदाज किती आला असता? मी म्हटलं, तिसाच्या आसपास. मग त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. तीसच्या हिशोबाने आलेलं यंत्र दोन तृतीयांश काम करून निघून गेलं असतं. सोप्या पोथ्या आधी झाल्या असत्या. मागे राहिल्या असत्या त्या जाड, जीर्ण, ज्यांना वाचवायला त्यांनी ते सगळं केलं होतं.

साहेब तेवढ्यात मला विचारत होते, मॅडम, इतना सही कैसे बैठा? उत्तर काकांनी दिलं, काठी टेकत उठून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"लड़की का हिसाब पहले दिन से सही था। बेईमानी मैंने की थी।"

मी बावन्न वर्षांची आहे. त्या दिवशी ब्रह्मा घाटाच्या पायऱ्या मी एका दमात उतरले.