छत्तीसनंतर एकोणपन्नास

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवालीनं आपणहून जास्तीची कोथिंबीर घातली, तर मी जुडी उलटी करून मुळं बघते. घरचे म्हणायचे, हिला आरोग्य खात्यात नोकरी लागली ते बरंच झालं, तिथं संशय घेण्याचा पगार मिळतो. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, कोल्हापुरातल्या कचेऱ्यांच्या पाट्या बदलत होत्या, आणि एका लहानशा आरोग्य कचेरीत मी एकटी बाई कारकून होते.

त्या वर्षी मंगळवार पेठेत मुदतीच्या तापाची, म्हणजे टायफॉइडची, साथ आली. ताप कशातून पसरतोय ते शोधून काढायचं काम आमच्या डॉक्टरसाहेबांकडं आलं. सगळी माहिती होती दवाखान्याच्या एका जाड रजिस्टरात. अनुक्रमांक, रोग्याचं नाव, वय, ताप कधी आला, पाणी कुठलं, दूध कुठलं, जेवण कुठं, असे रकाने होते. रजिस्टर बाहेर न्यायची परवानगी नव्हती, आणि वॉर्डचा कारकून ते तासाभरापेक्षा जास्त आमच्या हवाली करायला तयार नव्हता. तेवढ्या वेळात उतरवून घेणं अशक्य. मग साहेबांनी लग्नाचे फोटो काढणारा एक फोटोग्राफर गाठला आणि मला त्याच्याबरोबर पाठवलं.

त्यानं खिडकीपाशी कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं केलं, रजिस्टर उतरत्या फळीवर ठेवलं आणि काळ्या कापडात डोकं घातलं. कागद पातळ, शाई पलीकडं फुटायची, म्हणून पानाच्या एकाच बाजूला लिहिलेलं होतं. एका पानावर बारा ओळी. फोटो निघता निघता त्याच्या आणि वॉर्डच्या कारकुनाच्या गप्पा चालल्या होत्या. त्यातून मला कळलं की फोटोग्राफरच्या मेव्हण्याची मंगळवार पेठेतच खाणावळ आहे आणि शेजारच्या गल्लीतल्या बाईच्या खाणावळीमुळं ती चालत नाही. माझे कान लगेच उभे राहिले. यानं काही लबाडी करू नये म्हणून मी त्याच्या हातांवरची नजर काढली नाही.

सहा छाप आले. मागे पेन्सिलीनं एक ते सहा आकडे घातलेले. अक्षर मुंगीएवढं, डाव्या कडेला शिवणीची सावली पडलेली. मी भिंग घेऊन बसले आणि आधी सविस्तर टिपणं काढली. प्रत्येक रोग्यावर एक परिच्छेद, फुलस्केपची आठ पानं. साहेबांनी पहिलं पान वाचलं, दुसरं चाळलं आणि गठ्ठा माझ्याकडं सरकवला.

"एवढं वाचायला मला रजा काढावी लागेल. अर्ध्या पानात सांगा."

मी अर्ध्या पानात सांगितलं. 'रुग्णांपैकी बहुतेक जण एकाच खाणावळीत जेवणारे आहेत,' असं पहिलंच वाक्य होतं. खाणावळ त्याच शेजारच्या गल्लीतल्या बाईची. वाक्य लिहिताना मला फार हुशार असल्यासारखं वाटलं होतं, हे कबूल करते. त्याच संध्याकाळी तिच्या दारावर बंदचा हुकूम लागला.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः कचेरीत आली. चाळिशीची विधवा, दोन मुली शाळेत, आणि वीसेक विद्यार्थ्यांच्या जेवणावर तिचं घर चाललेलं. साहेब फिरतीवर होते. तिनं माझ्या टेबलावर पितळी डबा आदळला. लाच आणली, असं माझ्या मनात आलं.

"ह्यात भाकरी आन् आमटी हाय," ती म्हणाली. "सकाळी माझ्या पोरींनी खाल्लीया. तुम्ही खावा आन् पडताय का आजारी बघा."

"बाई, कागदोपत्री पुरावा आहे. बहुतेक रोगी तुमच्याकडं जेवणारे आहेत."

"बहुतेक म्हंजे किती?"

मी अर्ध्या पानाची प्रत पुढं ओढली.

"नावं सांगा की. कोण कवा पडला ते सांगा. माझ्याकडं जेवतंय त्या एकेकाला मी वळखतो."

माझ्या अर्ध्या पानात एकही नाव नव्हतं. आठ पानांच्या टिपणांत नावं होती, पण तिथं मोजायला गेले तर एक रोगी पहिल्या पानाच्या मध्यावर, दुसरा पाचव्याच्या शेवटी, आणि मोजताना मीच दोनदा चुकले. ती उभी राहून माझं पानं उलटणं बघत होती. मला तिचा राग आला. हिला हिच्याच खाणावळीची एकेक ओळ दाखवीन तर खरी, अशा खुन्नशीनं मी तिला चार दिवसांनी या म्हणून सांगितलं आणि तक्ता आखायला घेतला.

दोन फुलस्केप आडवे चिकटवले. रजिस्टरातल्या एका ओळीला तक्त्यात एक ओळ, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. एकही घर कोरं सोडायचं नाही असा नेम केला. वाचता आलं नाही तर अंदाजानं भरायचं नाही, 'वाचता येत नाही' असंच लिहायचं. आणि 'सदर' उतरवायचं नाही. रजिस्टर लिहिणारा कारकून आळशी होता. वरच्या ओळीत आहे तेच खाली असलं की तो नुसतं 'सदर' लिहून मोकळा व्हायचा, पानंच्या पानं 'सदर, सदर'. मी प्रत्येक 'सदर'च्या जागी वरचा मूळ शब्द लिहायचा आणि बाजूला बारीक टिंब द्यायचं ठरवलं, म्हणजे हा शब्द मी भरलाय हे कळेल.

तिसऱ्या छापाच्या शेवटी सात विद्यार्थी होते, सगळे त्या बाईकडं जेवणारे. चौथा छाप सुरू झाला तो जेवणाच्या रकान्यात 'सदर'नं, आणि खालपर्यंत बाराही ओळींत 'सदर', पुढच्या दोन्ही छापांवरही तेच. म्हणजे खाणावळ, खाणावळ, खाणावळ. मी आनंदानं भरत सुटले. मग तक्त्याचा पहिला रकाना आठवला, अनुक्रमांकाचा. टिपणांत आणि अर्ध्या पानात मी तो घेतलाच नव्हता, तिथं त्याची गरज पडली नव्हती. तिसऱ्या छापाची शेवटची ओळ छत्तीस. चौथ्याची पहिली ओळ शिवणीच्या सावलीत बुडालेली होती. भिंग लावून, छाप उजेडाकडं धरून वाचलं, तर एकोणपन्नास. खालची ओळ पन्नास. तिच्याखाली एक्कावन्न.

मधल्या बारा ओळी नव्हत्या. एक अख्खं पान गायब होतं, आणि मी ज्या 'सदर'ना खाणावळ म्हणत होते ते त्या गायब पानाच्या शेवटच्या ओळीशी बांधलेले होते. तिथं काय लिहिलंय ते मला माहीतच नव्हतं.

मेव्हणा! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी तशीच उठून फोटोग्राफरच्या दुकानात गेले. तो एका नवरा-नवरीच्या फोटोला हातानं रंग भरत होता.

"ते पान तुम्ही मुद्दाम गाळलंत," मी उभ्यानंच म्हणाले. "मेव्हण्याच्या खाणावळीसाठी."

त्यानं ब्रश खाली ठेवला.

"ताई, माझं डोकं कापडात हुतं. मला काचंवर सगळं उलटं दिसतंय, खालचं वर आन् वरचं खाली. मला काय कळणार कुठलं पान हाय ते? पानं तुम्हीच उलटत हुता की."

खरंच, पानं मी उलटत होते. त्याच्या हातांवर नजर ठेवून, बोट ओलं करून, न बघता. मेव्हण्याची गोष्ट निघाली तेव्हाच दोन पानं एकदम उलटली गेली असणार. दुकानातून बाहेर पडताना माझे कान तापले होते.

तशीच दवाखान्यात गेले आणि ते पान हातानं उतरवून आणलं. पहिल्या दोन ओळींत 'सदर' होतं, ते दोघे खाणावळीतले. तिसऱ्या ओळीत 'घरी', आणि तिथून खाली सगळं 'सदर'. म्हणजे चौथ्या छापापासून पुढचे सगळेच आपापल्या घरी जेवणारे. तक्ता पुरा झाल्यावर खाणावळीतले लोक मूठभर उरले. आणि पाण्याच्या रकान्यावरून नुसतं बोट फिरवलं तरी दिसत होतं, वरपासून खालपर्यंत जवळजवळ एकच विहीर. तारखांच्या रकान्यात विहिरीलगतच्या घरांतले लोक आधी पडले होते आणि खाणावळीतली पोरं त्यांच्यानंतर आठवड्यानं. बाईच्या रांजणात पाणी त्याच विहिरीचं होतं.

साहेबांनी तक्ता दोन मिनिटं पाहिला. विहीर बंद करून लाल औषध टाकायला सांगितलं, पाणी उकळायच्या अटीवर खाणावळ उघडायचा हुकूम काढला आणि म्हणाले, "आता याचा सारांश अर्ध्या पानात लिहा. वरिष्ठांना तेवढाच पाठवू, तक्ता मागं जोडा." मग त्यांनी विचारलं, "ते पान राहिलं कसं?"

"फोटो काढताना राहिलं, साहेब."

"त्या माणसाला पुन्हा बोलवायचं नाही," ते म्हणाले. मी 'बरं' म्हणाले.

हुकूम द्यायला मीच गेले. बाईच्या ओसरीवर पाट भिंतीला टेकवून ठेवलेले. विसातली पाच पोरं उरली होती, बाकीची फोटोग्राफरच्या मेव्हण्याकडं गेली होती. मी जाताना तक्ता बरोबर नेला होता, का ते आता सांगता येणार नाही. कदाचित शाबासकी हवी असेल. तिनं तो चुलीपासून लांब, जमिनीवर पसरायला लावला.

"वाचा," ती म्हणाली.

मी एकेक ओळ वाचली. आपल्या पोरांची नावं आली की ती मान हलवायची. "हा व्हय. हा गावाकडनंच ताप घिऊन आलता." सदतिसाव्या ओळीपाशी शेऱ्यात मी लाल शाईनं लिहिलं होतं, 'हे पान फोटोत आलेले नाही.' तेही वाचलं.

"का आलं न्हाय?"

"राहून गेलं."

"कुणाच्या हातनं?"

मी तक्त्याकडं बघत राहिले. प्रत्येक घर भरलेलं, एक जागा कोरी नाही, या नीटनेटकेपणाचा मला दोन दिवस गर्व वाटत होता.

"फोटोवाल्याच्या?" तिनं विचारलं. "त्येचा मेव्हणाच हाय पलीकडं. मला वाटलंच हुतं."

तिच्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू आला. मी पिशवीतून टाक आणि दौत काढली. त्या लाल ओळीखाली, तिच्यासमोर, लिहिलं, 'पाने उलटणारी मी होते,' आणि पूर्ण नाव घालून सही केली. मग तिला ते वाचून दाखवलं.

मग तिनं भिंतीचा एक पाट आडवा टाकला.

"साहेबास्नी दाखवा आधी," ती म्हणाली. "मग या जेवायला."